हॉटेलातल्या ओल्या कचऱ्याचं खत आणि हिशेबाची वही

ओला-सुका वेगळा केला की झालं, असं बऱ्याच हॉटेलांत समजतात. पण खत बिघडतं ते ओल्यातल्या सरमिसळीनं. भाजीची सालं-देठ वेगळी आणि ताटातलं खरकटं वेगळं ठेवायला हवं. खरकट्यात तेल, मीठ, रस्सा असतो. ते खताच्या हौदात गेलं की हवा कोंडते आणि वास सुटतो.

म्हणून आधी डब्यांच्या जागा ठरवा. सालांचा डबा भाजी कापायच्या ओट्याखाली, खरकट्याचा जाळीदार डबा भांडी घासायच्या मोरीपाशी, म्हणजे रस्सा निथळेल. टिश्यू आणि टूथपिकचा डबाही तिथेच हवा. तो लांब असेल, तर दुपारच्या गर्दीत कुणी तिथवर जात नाही. खरकटं पूर्वीसारखंच गाडीत द्या, हौदात फक्त सालं टाका.

समजा, रोज 20 किलो सालं निघतात. विटांमध्ये फटी ठेवून साडेतीन फूट लांब-रुंद, तीन फूट उंच असे चार हौद बांधा. एक हौद साधारण 15 दिवसांत भरतो आणि पुन्हा त्याची पाळी येईपर्यंत 45 दिवस मुरतो. तळाला काटक्या आणि थोडं जुनं खत घाला. सालं बारीक कापून टाका आणि वर तितक्याच घमेली पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा पसरा. इथे कंजुषी केली की सगळं फसतं. आठवड्यातून एकदा खालीवर करा.

मिश्रण मुठीत दाबून पाहा. एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर भुसा वाढवा, मूठ सोडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांनी आत लोखंडी सळई खुपसून काढा. ती गरम लागली की काम सुरू झालं. नाकाला झोंबणारा वास आला तर भुसा कमी पडलाय. सडका आला तर हवा कमी पडलीय.

आता वही. रोज चार आकडे लिहा: सालं किती किलो, खरकटं किती, त्यात भात किती, भुशावर खर्च किती. महिन्याचा 600 किलो कचरा गाडीत गेला नाही आणि उचलण्याचा दर किलोला 3 रुपये असेल, तर 1,800 रुपये वाचले. त्यातून भुसा आणि माणसाची मजुरी वजा करा. कंत्राट ठोक रकमेचं असेल तर मात्र दर पुन्हा ठरवेपर्यंत एक पैसाही वाचत नाही.

खरा पैसा मला भाताच्या रकान्यात दिसतो. रोज 6 किलो भात उष्टा पडत असेल, तर ते जवळपास 2 किलो तांदूळ झाले. 60 रुपये किलोनं महिन्याला 3,600. आधी अर्धी वाटी वाढा, मागितला की पुन्हा द्या, आणि पुढच्या आठवड्यात तोच रकाना पाहा.