एक्सपायरीच्या मंगळवारी शेअर ऑप्शनचा स्प्रेड वेळेत कसा काढावा

निफ्टीचा ऑप्शन एक्सपायरीला फक्त पैशात मिटतो. एखाद्या कंपनीच्या शेअरचा ऑप्शन तसा मिटत नाही, तिथे खरोखर शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात. स्प्रेड करणाऱ्यांची गफलत इथेच होते. ‘नुकसान ठरलेलं आहे’ या भरवशावर ते निवांत राहतात, पण ती मर्यादा दोन्ही लेग एकत्र मिटले तरच टिकते.

समजा, ५०० शेअरचा लॉट आहे. तुम्ही ९८०चा कॉल २८ रुपयांना घेतला आणि १०००चा कॉल १८ला विकला. खिशातून १० रुपये, म्हणजे ५,००० रुपये गेले. जास्तीत जास्त तेवढंच नुकसान आणि तेवढाच नफा. आता एक्सपायरीला शेअर ९९६वर बंद झाला. विकलेला कॉल शून्य झाला, पण घेतलेला ९८०चा कॉल इन द मनी आहे, त्यामुळे तो आपोआप एक्सरसाइज होतो. ५०० शेअर ९८०ने घ्यायचे, म्हणजे ४,९०,००० रुपये उभे करायचे. हे शेअर विकेपर्यंत भाव ९६६वर आला तर त्यात ७,००० गेले, आधीचे ५,००० धरून १२,०००. शेअर १०००च्या वर बंद झाला असता तर दोन्ही लेग एकमेकांत वळते झाले असते आणि ९८०च्या खाली राहिला असता तर दोन्ही शून्य. धोका मधल्या वीस रुपयांत आहे.

आदल्या आठवड्यात. एनएसईवर शेअर ऑप्शनची एक्सपायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवशी, म्हणून कॅलेंडर आधी बघा. घेतलेला ऑप्शन इन द मनी असेल तर एक्सपायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन टप्प्याटप्प्याने चढतं: लागू मार्जिनच्या १०, २५, ४५ आणि मग ७० टक्के. ‘मी तर प्रीमियम पूर्ण भरलाय’ म्हणणाऱ्याच्या खात्यातही अचानक कमी रक्कम दिसते, ती यामुळे. ब्रोकर स्वतःहून पोझिशन कधी कापतो, ती वेळ त्याच्याकडून विचारून लिहून ठेवा. प्रत्येकाची वेगळी असते.

पुढच्या महिन्यात न्यायचं असेल तर ते सोमवारपर्यंत उरकावं, असं माझं मत. आधी चालू महिन्याचे दोन्ही लेग बंद करा, मगच पुढच्या महिन्याचा स्प्रेड घ्या. ९८०सारखी इन द मनी स्ट्राइक पुढच्या महिन्यात बहुतेक ओसाड असते, म्हणून १०००सारखी, भावाजवळची आणि गोल आकड्याची निवडा. नव्या स्प्रेडला १० रुपये पडणार असतील आणि दोन्ही लेगच्या बिड-आस्कमधलं अंतर मिळून ४ रुपये असेल, तर मी सोडून देतो. आत शिरतानाच सौद्याचा मोठा भाग हातचा जातो.

मंगळवारी सकाळी साडेदहा-अकराला डेप्थ उघडा. शेअर ९९६वर आहे. १०००च्या कॉलला बिड २.१०, आस्क २.४०, गर्दी आहे. ९८०च्या कॉलला बिड १५.२०, आस्क १७.८०, आणि खाली बिडच्या रांगेत एकेकच लॉट. या कॉलची आतली किंमत ९९६ वजा ९८०, म्हणजे १६ रुपये. मार्केट ऑर्डर टाकलीत तर १५.२० किंवा त्याहून कमी हाती येईल.

आधी विकलेला १०००चा कॉल २.४०ला परत घ्या. उलटं केलंत, म्हणजे घेतलेला कॉल आधी विकलात, तर उरलेला विकलेला कॉल उघडा पडतो आणि त्याचं पूर्ण मार्जिन मागितलं जातं. मग लगेच ९८०चा कॉल १६.५०च्या लिमिटने विकायला लावा. चार-पाच मिनिटांत उचलला नाही तर १६.२०, मग १६. मध्ये शेअरचा भाव हलला तर आतली किंमत पुन्हा मोजा. १६ला गेला तर स्प्रेडचे १३.६० मिळाले, दहा वजा जाता ३.६० रुपये, लॉटमागे १,८०० (ब्रोकरेज आणि कर वेगळे). घाईत १५.२०ला दिला असता तर १,४००.

हे सगळं दुपारी एकच्या आत संपवा. दोननंतर इन द मनी ऑप्शनला डिलिव्हरी नको असलेले सगळेच विकायला येतात आणि घेणारे मागे हटतात. १५.२०ची बिड १३वर जाते, काही वेळा रांगच रिकामी दिसते. पुट घेणाऱ्याची अडचण याहून मोठी: डिमॅटमध्ये शेअर नसतील तर ते देता येत नाहीत आणि प्रकरण लिलावात जातं, तिथला भाव आपल्या हातात नसतो.

शेवटी पोझिशनच्या पानावर दोन्ही लेगसमोर शून्य आहे का बघा आणि ऑर्डर बुकातल्या राहिलेल्या लिमिट ऑर्डर रद्द करा. १६.५०ची जुनी ऑर्डर तशीच राहिली आणि तीनला शेअर उसळला, तर ती भरते आणि तुम्ही नकळत कॉल विकून बसता.