प्रवास खर्चाची नियमावली लिहिताना या चुका टाळा

नियमावलीत एक वाक्य आहे असं समजा: ‘हॉटेलचा खर्च प्रतिदिन ४,००० पर्यंत मान्य राहील.’ वाचायला सोपं, आखूड, आणि ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यात अर्थही स्पष्ट. आता एक कर्मचारी चार दिवसांच्या टूरवर जातो आणि तीन रात्री हॉटेलात राहतो. पहिल्या दोन रात्रींचं खोलीभाडं ३,८०० प्रत्येकी, तिसऱ्या रात्रीचं ४,६००. भाड्याची बेरीज १२,२००, त्यावर हिशेबापुरता १० टक्के कर धरू, म्हणजे १,२२०. एकूण बिल १३,४२०.

त्याला किती पैसे मिळायला हवेत?

कर्मचारी म्हणतो, टूर चार दिवसांची, म्हणजे मर्यादा १६,०००, पूर्ण १३,४२० द्या. मॅनेजर म्हणतो, मर्यादा रात्रीची असते, तीन रात्रींचे १२,००० आणि त्यावरचा कर १,२००, म्हणजे १३,२००. अकाउंट्समधला एक जण प्रत्येक रात्र वेगळी धरतो: तिसऱ्या रात्रीचे वरचे ६०० कापतो, ११,६०० आणि त्यावर १,१६० कर देतो, म्हणजे १२,७६०. त्याच्याच शेजारी बसणारा दुसरा करासकट ४,००० धरतो. करासह तिन्ही रात्री मर्यादेच्या वर जातात, म्हणून तो १२,००० वर थांबतो.

एकच बिल, एकच नियम आणि चार उत्तरं. चौघांपैकी कुणीही लबाडी करत नाहीये. वाक्याने जे सांगितलं नाही ते प्रत्येकाने आपापल्या परीने भरून घेतलं. पुढे ईमेलची साखळी लांबत जाते, हळूहळू दोन्ही बाजूंना समोरच्याच्या हेतूबद्दल शंका येऊ लागते, आणि एकदा तिथे पोचलं की १,४२० चा फरक भरून निघाला तरी मनातली अढी जात नाही. म्हणून दुरुस्ती वाक्यातच करायला हवी.

मर्यादा लिहिताना फक्त आकडा लिहू नका

वरच्या वाक्यात आकडा आहे, पण तो कशाला लावायचा ते नाही. मर्यादेच्या प्रत्येक कलमात तीन गोष्टी यायलाच हव्यात: मोजायचं एकक काय (दिवस की रात्र), कर धरून की सोडून, आणि वाचलेली रक्कम पुढच्या रात्रीला वापरता येते का. मी ते कलम असं लिहीन:

‘निवासाची मर्यादा प्रति रात्र ४,००० आहे. ती करापूर्वीच्या खोलीभाड्याला लागू होते. मंजूर भाड्यावरचा कर वेगळा दिला जाईल. मर्यादा प्रत्येक रात्रीला स्वतंत्रपणे लागू आहे. एका रात्री वाचलेली रक्कम दुसऱ्या रात्रीसाठी धरली जाणार नाही.’

आता वरच्या बिलाचं उत्तर एकच निघतं, १२,७६०. तुमच्या संस्थेला सरासरी चालणार असेल तर शेवटच्या दोन वाक्यांऐवजी हे लिहा: ‘एका मुक्कामातल्या सर्व रात्रींची सरासरी मर्यादेत असावी.’ माझं मत सरासरीच्या बाजूने आहे, कारण हॉटेलांचे दर वारानुसार वर-खाली होतात आणि त्यावर कर्मचाऱ्याचा ताबा नसतो. कोणताही पर्याय घ्या, पण तो कागदावर घ्या.

मर्यादेच्या वर जावं लागलं तर काय, हेही याच कलमात हवं. ‘अपवादात्मक परिस्थितीत जास्त खर्च मान्य होऊ शकेल’ हे वाक्य भांडणाला आमंत्रण आहे. अपवादात्मक म्हणजे काय, आणि ते कोण ठरवणार? त्याऐवजी लिहा: ‘मर्यादेपेक्षा जास्त दराची खोली घ्यायची असल्यास बुकिंगपूर्वी विभागप्रमुखांची ईमेलवर मंजुरी घ्यावी, मंजुरीत रक्कम नमूद असावी. प्रवास रद्द होणे, मार्ग बंद होणे अशा कारणाने ऐनवेळी मुक्काम करावा लागल्यास पुढच्या कामाच्या दिवशी कळवावे.’ रक्कम नमूद असावी हे विसरू नका. ‘ठीक आहे, घ्या’ एवढ्याच उत्तरावर कर्मचारी किती खर्च करू शकतो, यावर पुन्हा नवा वाद होतो.

जेवणाच्या पैशांत वेगळी गल्लत होते. काही संस्था ठरावीक दैनिक भत्ता देतात, त्यात बिल लागत नाही. काही प्रत्यक्ष खर्च देतात, पण मर्यादेपर्यंत. नियमावलीत ‘भोजनभत्ता १,००० पर्यंत’ असं लिहिलं की दोन्हींची सरमिसळ होते. ६०० चं जेवलेला माणूस उरलेले ४०० हक्काचे समजतो आणि अकाउंट्स त्याच्याकडे बिल मागतं. दोन्हींपैकी एकच शब्दप्रयोग घ्या: ‘ठरावीक भत्ता, बिल आवश्यक नाही’ किंवा ‘प्रत्यक्ष खर्च, बिलासह, कमाल १,०००’. भत्ता देत असाल तर अर्ध्या दिवसांचंही ठरवा. अमेरिकेच्या संघीय कर्मचाऱ्यांच्या प्रवास नियमांत पहिल्या आणि शेवटच्या दिवशी जेवणाच्या व किरकोळ खर्चाच्या भत्त्याचे ७५ टक्के मिळतात, मग तुम्ही पहाटे निघा की रात्री. निघण्याच्या वेळेचे पुरावे तपासत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे. आणि हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला असेल किंवा परिषदेत जेवण मिळत असेल तर भत्ता कापायचा की नाही, त्याचं एक वाक्य जोडा.

‘मूळ पावती जोडावी’ एवढं पुरत नाही

कार्डाची स्लिप सांगते की पैसे दिले. बिल सांगते की कशाचे दिले. बुकिंगचा ईमेल सांगतो की खोली राखून ठेवली होती; माणूस तिथे राहिला, हे त्यातून कळत नाही. कर्मचाऱ्याच्या लेखी तिन्ही ‘पावत्या’च असतात. त्यामुळे कागदाचं नाव लिहिण्यापेक्षा कागदावर काय दिसायला हवं ते लिहा: विक्रेत्याचं नाव, तारीख, रक्कम आणि काय घेतलं त्याचा तपशील. हॉटेलच्या बाबतीत चेक-आउटच्या वेळी मिळणारं, रात्रवार तपशील असलेलं अंतिम बिलच चालेल असं स्वतंत्रपणे सांगा, कारण मिनीबार आणि लाँड्री एकरकमी बिलात दिसत नाहीत. फोनवर काढलेला स्पष्ट फोटो चालतो की कागदच हवा, हेही त्याच परिच्छेदात संपवा.

किरकोळ खर्चाला पावतीची सूट देताना पुन्हा एककाचाच प्रश्न येतो. ‘५०० पर्यंतच्या खर्चाला पावती लागणार नाही’ असा नियम आहे आणि एका दिवसात टॅक्सीच्या तीन फेऱ्या झाल्या: ४५०, ४८० आणि ३००. प्रत्येक फेरी ५०० च्या आत, दिवसाची बेरीज १,२३०. कर्मचारी फेरी मोजतो, अकाउंट्स दिवस मोजतं. लिहा: ‘प्रत्येक खर्च ५०० किंवा त्याहून कमी असल्यास पावती आवश्यक नाही, अशा विनापावती खर्चाची एका दिवसाची कमाल बेरीज १,०००.’ म्हणजे इथे १,००० मिळतील आणि २३० साठी पावती लागेल. ‘किंवा त्याहून कमी’ हे शब्दही मुद्दाम घातले आहेत, नाहीतर बरोबर ५०० च्या व्हाउचरवर वाद होतो.

हरवलेल्या पावतीसाठी दार पूर्ण बंद करू नका. बंद केलं की लोक खोट्या पावत्या मिळवतात, आणि प्रामाणिक माणूस तेवढा बुडतो. एक छोटं घोषणापत्र ठेवा: खर्च कधी, कुठे, कशासाठी झाला, पावती का नाही, आणि पैसे दिल्याचा काही पुरावा असल्यास तो. सोबत एका तिमाहीत किती वेळा चालेल त्याची मर्यादा घाला. हॉटेल आणि विमान तिकिटाला ही सवलत देऊ नका, कारण त्यांची दुसरी प्रत सहज मिळते.

मुदतीचं घड्याळ केव्हा सुरू होतं आणि केव्हा थांबतं

‘क्लेम ३० दिवसांत सादर करावा’ या वाक्यात सुरुवातच नाही. तिकीट काढल्यापासून, खर्च केल्यापासून की परतल्यापासून? एक उदाहरण घ्या. कर्मचारी महिन्याच्या ३ तारखेला परतला आणि ३० तारखेला त्याने क्लेम भरला, म्हणजे मुदतीच्या आत. अकाउंट्सने तो पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला एका बिलासाठी परत पाठवला. त्याने १२ तारखेला बिल जोडून पुन्हा सादर केला, आणि उत्तर आलं की ३० दिवस उलटून गेलेत. यात उशीर कुणाचा झाला हे नियमातून कळत नाही, म्हणून ज्याच्या हाती पैसे तो जिंकतो. हे अन्यायाचं आहे आणि चार ओळींत टाळता येतं:

‘प्रवासावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० कॅलेंडर दिवसांत क्लेम सादर करावा. पहिल्यांदा सादर केल्याची तारीख ग्राह्य धरली जाईल. अकाउंट्सने सर्व त्रुटी ५ कामकाजी दिवसांत एकाच वेळी कळवाव्यात. त्रुटी पूर्ण करण्यासाठी कळवल्यापासून १० कामकाजी दिवस मिळतील. तेवढ्यात पूर्तता झाल्यास क्लेम वेळेत आला असे मानले जाईल.’

‘सर्व त्रुटी एकाच वेळी’ हे शब्द हेलपाटे थांबवतात. आज बिल नाही म्हणून परत, पुढच्या आठवड्यात सही नाही म्हणून परत, हा प्रकार त्यामुळे बंद होतो. दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. महिनाभराहून लांब टूर असेल तर दर महिन्याला क्लेम भरायची सोय ठेवा.

मंजुरी देणाऱ्यालाही मुदत हवी. मॅनेजर रजेवर गेला की क्लेम त्याच्या इनबॉक्समध्ये ताटकळतो आणि कार्डाचं बिल मात्र कर्मचाऱ्याच्या दारात येऊन उभं राहतं. ५ कामकाजी दिवसांत निर्णय झाला नाही तर क्लेम आपोआप मंजूर, असं काही जण लिहितात. मी तसं लिहीत नाही, कारण न तपासलेले पैसे बाहेर जातात आणि नंतर वसुलीचा वाद होतो. त्याऐवजी क्लेम आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावा. त्यापुढे पैसे देण्याचाही दिवस सांगा: ‘अंतिम मंजुरीनंतर ७ कामकाजी दिवसांत’.

मुदत ठरवताना देशाचा करकायदा बघून घ्या, कारण बाहेरची हद्द तो आखू शकतो. अमेरिकेत, उदाहरणार्थ, खर्च झाल्यापासून ६० दिवसांत हिशेब दिला आणि जादा उचललेला अॅडव्हान्स १२० दिवसांत परत केला, तर कर खात्याच्या नियमांनुसार ते वाजवी वेळेत झालं असं धरलं जातं. वाजवी वेळ पाळली नाही तर ती रक्कम करपात्र पगारात मोजली जाऊ शकते. नियमावलीतली मुदत अशा हद्दीच्या बरीच आत असावी.

कलम बिघडलंय हे कसं ओळखायचं

परत गेलेले जुने क्लेम काढा आणि कारणानुसार गठ्ठे करा. एकाच कलमाचा गठ्ठा मोठा असेल तर चूक लोकांच्या सवयीत नसून त्या कलमात असण्याची शक्यता जास्त. मग त्यातलं एक खरं बिल, नाव झाकून, तिघांना वेगवेगळं द्या: वारंवार फिरणारा कर्मचारी, मंजुरी देणारा मॅनेजर आणि अकाउंट्समधला माणूस. किती पैसे द्याल, एवढंच विचारा. आकडे जुळले नाहीत तर प्रत्येकाला कोणत्या शब्दावरून तो आकडा आला हे विचारा; दुरुस्तीची जागा तिथेच सापडते. नवं वाक्य लिहिल्यावर तेच बिल दुसऱ्या तिघांना द्या.

नवी आवृत्ती काढताना ती कोणत्या प्रवासांना लागू होईल तेही लिहा. ‘तत्काळ लागू’ असं लिहिलं तर काल परतलेल्या माणसाच्या खर्चालाही नवी, कमी मर्यादा लागते. ‘या तारखेला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रवासांना लागू; त्याआधी मंजुरी घेऊन केलेल्या बुकिंगला जुनी मर्यादा’ असं लिहा, आणि कलमात व परिशिष्टातल्या तक्त्यात आकडे वेगळे निघाले तर कोणता धरायचा, हेही त्याखाली नोंदवा.