डब्यावरचं चित्र खाऊ नका : आईस्क्रीम घेताना या चुका टाळा

उन्हाळा लागला की सोलापूरच्या नव्या पेठेतल्या माझ्या दुकानात फ्रीजरचं झाकण दिवसभर वरखाली होतं, आणि झाकणागणिक चुकाही त्याच होतात.

पहिली चूक म्हणजे कंपनीचं नाव आणि बदामाचं चित्र बघून डबा उचलणं. गेल्या मे महिन्यात जुळे सोलापूरचे एक गृहस्थ आले. फोन कानाला, दुसऱ्या हाताने बटरस्कॉचचा फॅमिली पॅक स्वतःच काढला, पैसे दिले, गेले. दुसऱ्या दिवशी अर्धा संपलेला डबा घेऊन हजर. "आईस्क्रीमचे पैसे घेता आणि तेल खायला घालता होय?" दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. मी डबा फिरवून त्यांच्यासमोर धरला. पुढच्या बाजूला, चित्राच्या खाली, बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट'. मागे वेगळी ओळ : यात खाद्य वनस्पती तेल आहे. डब्यावर आईस्क्रीम हा शब्द कुठेच नव्हता. ते म्हणाले, "एवढं बारीक कोण वाचतं?" चाळीस रुपयांचा शाम्पू घेताना लोक पाच मिनिटं वाचतात, खायच्या वस्तूला मात्र घाई.

कायद्याने आईस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच लागतो, आणि साध्या आईस्क्रीममध्ये तो किमान १० टक्के हवा. 'मीडियम फॅट' किंवा 'लो फॅट' लिहिलं असेल तर तो कमी चालतो, पण दुधाचाच. कुल्फीलाही हाच नियम. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या फॅटच्या जागी, पूर्ण किंवा काही प्रमाणात, वनस्पती तेल असतं. बहुतेक वेळा पाम किंवा खोबऱ्याचं. दूध पावडर त्यातही असते, म्हणून घटकांच्या यादीत 'मिल्क सॉलिड्स' दिसलं की खूश होऊ नका. माझी सवय अशी : आधी पदार्थाचं नाव शोधायचं, मग तेलाची ओळ, मग यादीतले पहिले चार घटक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे तेल असलं तर ते बहुधा वरच्या भागातच सापडतं.

हे एवढं कळलेले लोक मग दुसऱ्या टोकाला जातात. चॉकोबारच्या वेष्टनावर 'व्हेजिटेबल फॅट' दिसलं की फसवणूक म्हणून ओरडतात. अहो, कंस वाचा. बारवरच्या चॉकलेटच्या थरात वनस्पती तेल असू शकतं, आणि नियम आतल्या आईस्क्रीमपुरता लागू होतो. यादीत तेल 'कोटिंग'च्या कंसात असेल आणि वेष्टनाच्या पुढच्या बाजूला 'आईस्क्रीम' लिहिलं असेल, तर आतलं दुधाचंच.

आता माझं लाडकं दुखणं : मिलिलिटरवर भाव करणं. मिलिलिटर म्हणजे आकार, आणि त्या आकारात हवाही मोजलेली असते. घुसळताना हवा भरावीच लागते, नाहीतर दगड होईल. पण किती भरायची याला मर्यादा आहे. मीडियम किंवा लो फॅट नसलेल्या साध्या मालाचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, आईस्क्रीम असो की फ्रोझन डेझर्ट. समजा, ७०० मिलीचे दोन डबे आहेत. एकावर ३७० ग्रॅम, किंमत २०० रुपये. दुसऱ्यावर ४६० ग्रॅम, २३० रुपये. सगळे दोनशेवाला उचलतात. पण त्यात ग्रॅमला ५४ पैसे पडतात, महागड्या डब्यात ५०. ७०० मिलीला कायद्याने साधारण ३६८ ग्रॅम लागतात, म्हणजे स्वस्त डबा जेमतेम काठावर उभा आहे. अर्थात वजनावरून दूध की तेल हे कळत नाही; भरपूर हवा असलेलं खरं आईस्क्रीमही मिळतं. म्हणून नाव आधी, वजन नंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, दूध नव्हे. घटकांच्या यादीत ४७१ किंवा ४१२ असले आकडे दिसले म्हणजे नकली, असं नाही. ते आकडे मिश्रण एकजीव आणि स्थिर ठेवणाऱ्या पदार्थांचे, आणि असे पदार्थ दोन्हीकडे असतात. फ्रोझन डेझर्ट म्हणजे डालडा, हेही खरं नाही. वनस्पती तेल आणि वनस्पती तूप या वेगळ्या वस्तू आहेत. फ्रोझन डेझर्ट विकणं बेकायदा नाही, मीही विकतो. आईस्क्रीम म्हणून विकत नाही.

वाटीत ठेवून 'किती वेळात वितळतं' ही चाचणी मोबाईलवर बघून करणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. वितळणं मिश्रण स्थिर ठेवणारा गोंद, हवा आणि आपल्या सोलापूरच्या उन्हावर ठरतं. आणि डब्यात बर्फाचे खडे लागले तर तो तेलाचा दोष नव्हे. वाटेत किंवा लाईट गेल्यावर माल विरघळून पुन्हा गोठला की असे खडे होतात, मग ते अस्सल दुधाचं का असेना. म्हणून डबा दुकानातच हलवून बघा. कडेला बर्फ चढलेला असेल तर मागे ठेवा आणि दुसरा मागा.