कालमेघाच्या दहा पुड्या: ताप-घशाला किती, किती दिवस आणि कुणी टाळायचं

भादव्यात आमच्या किनवट भागात घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं. मग कुडाजवळची नाहीतर बाजारातून आणलेली कालमेघाची जुडी निघते आणि चुलीवर पातेलं चढतं. ते पातेलं सगळ्या घराला पाजायची आमची जुनी खोड. आधी ती मोडायची.

झाड ओळखून घ्या. कालमेघ म्हणजे पालेकिराईत, अडुळशाच्या कुळातलं. दोन-तीन फुटांचं रोप, बोटांत फिरवली तर चौकोनी लागणारी काडी, निमुळती गडद हिरवी पानं आणि बारीक पांढऱ्या फुलांवर जांभळट ठिपके. दुकानात नुसतं "किराईत" मागितलं तर बऱ्याचदा काडेचिराईत मिळतं. ते वेगळं झाड आहे, इथलं माप त्याला लावू नका.

आता माप. चिमूट, मूठ यावर जाऊ नका. सावलीत वाळवलेला पाला ३० ग्रॅम तोलून घ्या आणि त्याचे दहा सारखे वाटे करून कागदात बांधा. एक पुडी तीन ग्रॅमची. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे मोठ्या माणसाला पाच दिवसांचं झालं. पुड्या संपल्या की औषध संपलं, नवीन बांधायच्या नाहीत. हे माप सर्दी, घसादुखी आणि सोबतच्या बारीक तापासाठी आहे.

एक पुडी दोन कप पाण्यात टाकून मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत उकळा, गाळा आणि जेवणानंतर प्या. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं, पोटात कळ येते. कडूपणा जिभेवरून जात नाही, वर गुळाचा खडा चालेल (साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी तो मोह सोडावा).

मागच्या वर्षी माझ्या दिराला घसा धरून शंभरपर्यंत ताप आला. पहिल्या रात्री एक पुडी, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता, पण घसा खवखवत होता म्हणून चालू ठेवलं. चौथ्या दिवशी भाकरी-ठेचा मागून खाल्ला, तेव्हा मी उरलेल्या पुड्या काढून घेतल्या. बरं वाटल्यावर "ताकद येते" म्हणून पीत राहायचं हे औषध नाही.

तिसऱ्या दिवशीही ताप तसाच असेल तर काढा बंद करून रक्त तपासा. हुडहुडी भरून ताप येत असेल तर तिसऱ्या दिवसाची वाटही बघू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाची तपासणी करून घ्या. मलेरिया, टायफॉइड काढ्यावर सोडायचे आजार नाहीत. डेंग्यू तर फसवतो. त्यात ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि घरचे म्हणतात, काढा लागू पडला. खरा धोका तिथूनच सुरू होऊ शकतो. ताप उतरल्यावर पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस गळून गेला तर थेट दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असेल तर कालमेघ घेऊच नका, कारण रक्त गोठण्याच्या कामात तो अडथळा आणू शकतो. त्याच कारणाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही नको. बीपीची किंवा साखरेची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून. लहान मुलांना घरच्या घरी देऊ नका. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर दुसरा घोट नाही, लगेच दवाखाना.

गरोदर बाईला कालमेघ द्यायचाच नाही, कितव्याही महिन्यात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भ टिकण्यावर त्याचा वाईट परिणाम दिसला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातही गरोदरपणी व अंगावर पाजताना तो टाळायला सांगितलं आहे. पण घोटाळा पोट दिसण्याच्या आधी होतो. आमच्या गल्लीतल्या एका सासूबाईंनी सगळ्यांना पेला भरताना सुनेपुढेही धरला. तिची पाळी आठ दिवस चुकली होती. चारचौघांत सांगायचं कसं, म्हणून ती पोर पिऊन गेली. रात्री जावेला बोलली, दुसऱ्या दिवशी आशाताईंनी तपासणी केली, तर दिवस गेलेले. एका पेल्याने काही बिघडलं नाही, पण पुढचे चार दिवस तेच चाललं असतं.

म्हणून पेला भरायच्या आधी सुनेला, लेकीला बाजूला घेऊन विचारा, "बाई, पाळी वेळेवर आली ना?" मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तरीही नको. नकळत घेतलं असेल तर घाबरू नका, तिथेच थांबवा आणि किती दिवस, किती घेतलं ते डॉक्टरांना खरंखरं सांगा. गरोदरपणातला ताप तसाही घरी काढायचा नसतो, त्याच दिवशी दाखवायचा. पॅरासिटामॉलही किती घ्यायची ते तिथेच विचारा.