जुळं आहे? मग आधी विचारा, वार एक की दोन

भाचीची सोनोग्राफी झाली, जुळं निघालं आणि घरात पेढे आले. मी आधी फाईल मागितली. अठरा वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढल्यामुळे जुळं म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोघांची वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी, एक की वेगवेगळी? पुढची तयारी या उत्तरावर ठरते.

हे उत्तर अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट मिळतं. वार वेगळी असेल तर मधला पडदा वारेला टेकतो तिथे जाड त्रिकोणी टोक दिसतं. वार एकच असेल तर पडदा पातळ असतो आणि काटकोनात टेकतो. दिवस वाढले की हे ओळखणं अवघड होत जातं. म्हणून रिपोर्टवर डीसीडीए (वार दोन, पिशव्या दोन) किंवा एमसीडीए (वार एक, पिशव्या दोन) असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर लगेच परत जाऊन लिहून घ्या.

भाचीचं एमसीडीए निघालं. एकाच वारेवर दोघं असली की त्यांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात. कधीकधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. देणाऱ्याचं पाणी आटतं आणि घेणाऱ्याचं फुगतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते. वार वेगळी असेल तर साधारण चार आठवड्यांनी चालते. प्रत्येक पिशवीतल्या पाण्याची खोली मोजतात. एकीकडे दोन सेंटीमीटरच्या खाली आणि दुसरीकडे आठच्या वर गेली, तर लेसरचा उपचार करणाऱ्या मोठ्या केंद्राकडे पाठवतात, आणि अशी केंद्रं मोजकीच आहेत. चार-पाच दिवसांत पोट एकदम ताणलं, आडवं पडल्यावर दम लागला, तर पंधरा दिवसांची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

आता कॅलेंडर घ्या. भाचीची तारीख 20 सप्टेंबर, पण ती चाळीस आठवड्यांची. एका वारेच्या जुळ्यांना, सगळं सुरळीत असलं तरी, छत्तीस आठवड्यांच्या सुमाराला बाहेर काढतात. म्हणजे 23 ऑगस्ट. वार वेगळी असती तर सदतीस, म्हणजे 30 ऑगस्ट. जुळी त्याआधीही येतात, म्हणून मी बत्तीस आठवडे मोजले. तारीख आली 26 जुलै, म्हणजे ऐन पुराचे दिवस. तिचं माहेर गगनबावड्याच्या वाटेवर. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की 108 ची गाडी तरी कुठून येणार? वहिनी म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं." मी म्हटलं, "होऊ दे की, पण माहेरानं जुलैच्या मध्यालाच कोल्हापुरात यायचं." मग शहरात दोन महिन्यांसाठी खोली घेतली. दवाखाना ठरवताना एक प्रश्न आवर्जून विचारला: नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात एकाच वेळी दोन खाटा मिळतील का? एक बाळ इथे आणि एक दुसऱ्या दवाखान्यात, असं झालेलं मी पाहिलंय.

तपासणीत बीपी आणि लघवीतलं प्रोटीन प्रत्येक वेळी बघायचं, कारण जुळ्यांत बीपी वाढायचा धोका जास्त असतो. काहींना डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. ती मनाने सुरू करू नका, बंदही करू नका. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, ठराविक वेळाने पोट कडक होणं, पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना. प्रसूती लवकर होणार असं दिसलं तर बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतात, आणि त्यांना काम करायला वेळ लागतो.

"आता तिघांचं खा" असं सासूबाई ताटाशी बसून म्हणतात, ते खरं नाही. एका बाळाला साधारण तीनशे-साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात, तर दोघांना सहाशेच्या आसपास. म्हणजे एक भाकरी, वाटीभर घट्ट आमटी, दोन उकडलेली अंडी आणि मूठभर शेंगदाणे, बस्स. पण पोटात जागा उरत नाही, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडंथोडं खायचं. मूळचं वजन बेताचं असेल तर एकूण सतरा ते पंचवीस किलो वाढ चालते, एकट्या बाळाला साडेअकरा ते सोळा. लोह मात्र खाण्यातून पुरत नाही, हिमोग्लोबिन लवकर घसरतं. त्यामुळे वीस ते चोवीस आठवड्यांत ते एकदा जास्तीचं तपासून घ्यायचं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची दोन तास सोडून, आणि दोन्हीच्या आसपास चहा नाही.

राहिलं गंगावेशचं धारोष्ण दूध. कट्ट्यावर उभं राहून फेसाळ पेला पिणं ही आपल्याकडची शान आहे, पण पोटुशीला कच्चं दूध नको. त्यातले जंतू बाळापर्यंत पोहोचतात. भाचीचे सासरे रोज किटली भरून आणतात. आता ती आधी चुलीवर चढते.