जास्वंद उघडायची ती नळीच्या बाजूने

परिसर अभ्यासाच्या तासाला फुलाचे भाग दाखवायचे असतील तर गोव्यात दारोदारी मिळणारी जास्वंद घ्या, पण एकेरी पाच पाकळ्यांची. दुहेरी जास्वंदीत बरेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि मुलं गोंधळतात. फुलं सकाळी तोडा. एका दिवसात ती मिटतात.

कापण्याआधी अख्ख्या फुलाचं चित्र काढून घ्या. मग निदलपुंज आणि पाकळ्या हातानेच सोडवायच्या. उरते ती मधली लांब दांडी. बहुतेक मुलं तिला स्त्रीकेसर म्हणतात. खरं तर ती पुंकेसरांची पोकळ नळी आहे. टाचणीचं टोक बुडाशी हलकेच घालून नळी वरपर्यंत चिरली की आतला पांढरट धाग्यासारखा कुक्षिवृंत दिसतो. तो वर पाच गोल कुक्षींना आणि खाली अंडाशयाला जोडलेला असतो. जोर लावला तर धागा तुटतो, म्हणून घाई नको. अंडाशय मात्र शिक्षकांनीच ब्लेडने आडवा कापावा. भिंगातून पाच कप्पे दिसतात. आता दुसरं चित्र, नावांसह.

परागकोश बोटाने टिपून कुक्षीला लावला की पिवळे कण तिच्या लवेत अडकतात. परागण म्हणजे हेच. बागेत ते काम शिंजीर आणि फुलपाखरं करतात.

बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं. म्हणून पुढची पायरी तिच्याच कुळातल्या भेंडीवर दाखवा. बाजारातली साधी भेंडी आणि आपली सात शिरांची भेंडी, दोन्हींच्या आडव्या चकत्या करा. शिरा आणि कप्पे मुलांनाच मोजू द्या.