इम्पोर्टेड मशीनची नेमप्लेट आणि ड्रॉइंग कसं वाचायचं: एका मोटारीचं उदाहरण

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये युरोपातून आलेलं जुनं मशीन उतरलं की पॅनेलवरची पाटी सगळे वाचतात. ती अख्ख्या मशीनची असते. मोटार बदलायची किंवा रिवाइंड करून बसवायची असेल, तर मोटारीवरचीच पाटी वाचा.

समजा, हायड्रॉलिक पंपाच्या मोटारीवर असं लिहिलंय:

```
3~  2.2 kW  50 Hz
Δ/Y 230/400 V
8.3/4.8 A
```

तिरक्या रेघेच्या डावीकडचं डावीकडच्याशी, उजवीकडचं उजवीकडच्याशी जोडून वाचा. डेल्टात २३० व्होल्ट आणि ८.३ अँपिअर, स्टारमध्ये ४०० व्होल्ट आणि ४.८ अँपिअर. म्हणजे एका वाइंडिंगची ताकद २३० व्होल्टचीच आहे. आपल्याकडे दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट मिळतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला त्यातले २४० येतात, तेवढं चालतं. डेल्टात पूर्ण ४१५ येतात आणि ओव्हरलोड वेळेवर पडला नाही तर मोटार जळते. ‘आधीची मोटार डेल्टात होती’ हे कारण इथे उपयोगाचं नाही.

आता ड्रॉइंगमध्ये ही मोटार शोधा. `-M2` म्हणजे दोन नंबरची मोटार. तिथून वर जाणारी रेघ `-K2` या कॉन्टॅक्टरकडे आणि पुढे `-Q2` या मोटार ब्रेकरकडे जाते. `-K2` शेजारी `/4.6` दिसलं तर कॉन्टॅक्टरची कॉइल पान ४, रकाना ६ मध्ये आहे. अक्षरं मशीनगणिक थोडी बदलतात, म्हणून ड्रॉइंगमधली पार्ट लिस्ट एकदा ताडून घ्या.

मेन स्विच बंद करून कुलूप लावा. तरीही नारिंगी वायरला हात लावू नका, त्या बहुधा मेन स्विचच्या आधीच्या सप्लायवर असतात आणि जिवंत राहतात. आणखी एक फसगत रंगांची. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल आणि निळी फेज. या पॅनेलमध्ये काळी फेज असते आणि फिकट निळी न्यूट्रल. रंगावर भिस्त ठेवू नका, मीटरने तपासा.

टर्मिनल बॉक्स उघडा. स्टारसाठी `W2`, `U2`, `V2` ही तीन टोकं पत्त्यांनी एकत्र जोडायची, आणि फेज `U1`, `V1`, `W1` वर. पत्त्या उभ्या, म्हणजे `U1`-`W2`, `V1`-`U2`, `W1`-`V2` अशा लागल्या असतील तर ते डेल्टा आहे, बदला.

मग `-Q2` ची चकती ४.८ वर आणा. ८.३ वर ठेवली तर ब्रेकर मोटार वाचवणार नाही. पंप लोडवर सुरू करून तिन्ही फेजला क्लॅम्प मीटर लावा. आकडे जवळपास सारखे आणि ४.८ च्या आत हवेत. एखादा फेज बराच वेगळा दिसला तर आधी पत्त्यांचे नट आवळून पाहा, रिवाइंडिंगवाल्याला फोन नंतर.